‘योग्य ती कार्यवाही करण्यात यावी’, पण करायची कोणी? सोसायटीच्या इतिवृत्तातून कामांची यादी अशी काढतात

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहा पानांची पीडीएफ येते. नाव असतं ‘मासिक सभेचे इतिवृत्त’. खाली आठ-दहा जण अंगठा दाखवतात, एखादे काका ‘धन्यवाद सचिव साहेब’ लिहितात आणि विषय संपतो. पुढच्या महिन्यात सभा भरते, मागचं इतिवृत्त वाचून कायम केलं जातं आणि मग कोणीतरी विचारतं, "अरे, त्या टाकीच्या गळतीचं काय झालं?"

सगळे एकमेकांकडे बघतात. कारण टाकीचं काम करायचं असं ठरलं होतं, पण ते कोणी करायचं आणि कधीपर्यंत, हे कुठेच ठरलं नव्हतं.

बहुतेक वेळा इथे लोकांचा आळस हे कारण नसतं. गडबड इतिवृत्त ज्या भाषेत लिहिलं जातं त्या भाषेत असते.

इतिवृत्त लिहितात कशासाठी?

इतिवृत्त म्हणजे पुरावा. सभा झाली, गणपूर्ती होती, अमुक विषय मांडला, तमुक सूचक, तमुक अनुमोदक, ठराव मंजूर. उद्या एखादा सभासद उपनिबंधकांकडे तक्रार घेऊन गेला, तर संस्थेला हेच कागद दाखवावे लागतात. त्यामुळे ते लिहिताना काय ठरलं हे नीट नोंदवलं जातं. पुढे ते कोण करणार, याची काळजी त्यात कमी असते.

त्यात आपली सरकारी मराठी. ‘करण्यात यावे’, ‘कळवण्यात यावे’, ‘असे सर्वानुमते ठरले’. ही वाक्यं व्याकरणाच्या दृष्टीने अगदी बरोबर असतात, फक्त त्यांत कर्ता नसतो. ‘सचिवांनी कळवावे’ असं लिहिलं तर सचिव अडकतात. ‘कळवण्यात यावे’ लिहिलं की कोणीच अडकत नाही. ‘संबंधितांनी’, ‘योग्य ती’, ‘लवकरात लवकर’ हे शब्दही त्याच घरातले.

म्हणून इतिवृत्तातून कामांची यादी काढायची म्हणजे नुसती सहा पानं एका पानात बसवायची नाहीत. प्रत्येक वाक्यातून निसटलेला कर्ता आणि निसटलेली तारीख परत शोधायची.

एक नमुना घेऊ

समजा दोन विंग, सात मजले आणि 56 सदनिका असलेली एक सोसायटी आहे. व्यवस्थापक समितीची सभा 5 जुलैला झाली. इतिवृत्तातले चार विषय बघू. नमुना काल्पनिक आहे, पण भाषा कुठल्याही सोसायटीत सापडेल अशीच.

*विषय क्र. 3 : गच्चीवरील टाकीच्या गळतीबाबत विचार करणे.*
*टाकीतून ब विंगच्या जिन्यात पाणी गळत असल्याच्या तक्रारी प्राप्त झाल्याचे मा. सचिवांनी निदर्शनास आणून दिले. त्यावर सविस्तर चर्चा झाली. संपूर्ण टाकी नव्याने वॉटरप्रूफ करून घ्यावी असे काही सदस्यांनी मत मांडले. दुरुस्ती निधीतील शिल्लक विचारात घ्यावी असे मा. खजिनदारांनी सुचवले. चर्चेअंती किमान तीन कोटेशन मागवून, खर्च 75,000 रुपयांच्या मर्यादेत असल्यास, पावसाळ्यानंतर तातडीने काम करून घेण्यात यावे, अधिक खर्च येत असल्यास विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यात यावा, तसेच संबंधित सदस्यांना तसे कळवण्यात यावे, असे सर्वानुमते ठरले.*

*विषय क्र. 4 : अग्निशमन यंत्रणा.*
*यंत्रणेच्या स्थितीबाबत चर्चा झाली. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे मा. सचिवांनी सांगितले. सभेने त्याची नोंद घेतली.*

*विषय क्र. 5 : थकबाकी.*
*थकबाकीदार सदस्यांबाबत मागील सभेत ठरल्याप्रमाणे कार्यवाही करण्यात यावी असे ठरले.*

*विषय क्र. 6 : पाहुण्यांच्या वाहनांचे पार्किंग.*
*सविस्तर चर्चा झाली. विषय पुढील सभेपुढे ठेवण्याचे ठरले.*

पहिली फेरी : फक्त क्रियापदांवर खूण

यादी करणारा माणूस (बहुतेक वेळा सचिव, नाहीतर ‘तुला कॉम्प्युटर येतो ना, तूच कर’ म्हणून पकडलेला एखादा तरुण सभासद) पहिल्या वाचनात काहीच लिहीत नाही. तो फक्त वाक्यांच्या शेवटी असलेल्या क्रियापदांवर खूण करत जातो.

‘चर्चा झाली’, ‘मत मांडले’, ‘सुचवले’, ‘निदर्शनास आणून दिले’ ही बोलण्याची क्रियापदं. त्यांतून काम निघत नाही. ‘ठरले’, ‘करण्यात यावे’, ‘ठेवण्यात यावा’, ‘कळवण्यात यावे’ ही निर्णयाची. काम यांच्यातून निघतं.

हा फरक साधा वाटतो, पण चूक इथेच सर्वात जास्त होते. विषय 3 मध्ये ‘संपूर्ण टाकी नव्याने वॉटरप्रूफ करून घ्यावी’ असे शब्द आहेत. ‘घ्यावी’ दिसलं म्हणून घाईत ते यादीत टाकलं, की सभेने न घेतलेला निर्णय कामांच्या यादीत शिरतो. वाक्य पूर्ण वाचलं तर शेवटी ‘असे काही सदस्यांनी मत मांडले’ आहे. मराठीत मुख्य क्रियापद वाक्याच्या टोकाला येतं, त्यामुळे पूर्णविरामापर्यंत गेल्याशिवाय खूण करायची नाही.

दुसरी फेरी : एका वाक्यातली कामं सुटी करणं

आता विषय 3 चं शेवटचं लांबलचक वाक्य. वरवर पाहिलं तर काम एकच, टाकीची दुरुस्ती. पण ते तसंच यादीत उतरवलं तर महिनाभराने ‘झालं का?’ या प्रश्नाला ‘चालू आहे’ एवढंच उत्तर मिळेल. ज्या ओळीला ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ एवढं सरळ उत्तर देता येत नाही, ती ओळ अजून फोडायची बाकी आहे असं समजावं.

फोडल्यावर काय निघतं? तीन कोटेशन मिळवायची. ती समोरासमोर ठेवून रक्कम बघायची. 75,000 च्या आत असेल तर एक रस्ता, वर असेल तर दुसरा. आणि तक्रार करणाऱ्या सदस्यांना कळवायचं.

यात एक काम इतिवृत्तात लिहिलेलंच नाही, पण त्याच्याशिवाय पुढचं होत नाही. तीन कंत्राटदारांना नुसतं ‘या आणि रेट द्या’ सांगितलं तर एक जण फक्त भेगा भरण्याचा दर देतो, दुसरा आतून कोटिंगचा आणि तिसरा जुनं प्लास्टर काढून नव्याने करण्याचा. मग 40 हजार आणि सव्वा लाख यांची तुलना करायची कशी? म्हणून आधी काय काम हवंय, किती क्षेत्रफळ आणि हमी किती वर्षांची, हे एका पानावर लिहून तिघांना तेच पान द्यावं लागतं. असं जोडलेलं काम यादीत घ्यायला हरकत नाही, पण त्यापुढे ‘इतिवृत्तात नाही, सोयीसाठी जोडले’ अशी खूण हवी. नाहीतर उद्या कोणीतरी विचारणारच की हे सभेत कधी ठरलं.

75,000 ची अटही यादीत जशीच्या तशी यायला हवी. अट गळाली आणि नुसतं ‘टाकी दुरुस्त करणे’ उरलं, तर कोणीतरी उत्साहाने 90 हजारांचं काम देऊन बसेल आणि भांडण होईल ते वेगळंच.

तिसरी फेरी : कर्ता शोधणं

पहिल्या मसुद्यात जिथे नाव नाही तिथे प्रश्नचिन्ह टाकायचं. आपल्या मनाने नाव लिहायचं नाही. ‘कोटेशन म्हणजे सचिवच बघतील’ असं गृहीत धरून यादी ग्रुपवर टाकली, की सचिवांना ती बाकीच्यांसोबतच कळते आणि त्यांचा पहिला प्रतिसाद ‘मला कोणी विचारलं?’ हाच असतो. हे रास्तच आहे.

म्हणून प्रश्नचिन्हांसाठी फोन करायचे. नमुन्यातल्या सोसायटीत समजा ब-304 मधल्या काकांनी सभेत ठराव सुचवला होता आणि त्यांना बांधकामातलं कळतंही. त्यांना विचारलं, ते हो म्हणाले, तर त्यांचं नाव. सभेला गैरहजर असलेल्या सदस्याच्या गळ्यात काम टाकायचं असेल तर आधी विचारणं अधिकच गरजेचं.

एका ओळीपुढे नाव एकच हवं. ‘सचिव व खजिनदार’ लिहिलं तर सचिवांना वाटतं खजिनदार बघतायत, आणि खजिनदारांना उलट. ‘समिती’ लिहिणं म्हणजे कोणाचंच नाव न लिहिणं. मदतीला चार जण असू देत, पण विचारायचं कोणाला, याचं उत्तर एकच माणूस असावा. आणि हा माणूस काम हाताने करणारा नसतो. गळती बंद करणार कंत्राटदार, पण सोसायटीला उत्तर देणार 304 मधले काका. यादीत कंत्राटदाराचं नाव टाकलं तर त्याला फोन कोण करणार, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

चौथी फेरी : तारीख उलटी मोजणं

सगळ्यात मजेशीर भाग हा आहे.

विषय 3 मध्ये मुदत आहे ‘पावसाळ्यानंतर तातडीने’. महाराष्ट्रातून पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पूर्वार्धात परततो. म्हणजे जुलैमध्ये वाचणाऱ्याला वाटतं, तीन महिने हातात आहेत, सप्टेंबर संपताना बघू.

पण त्याच वाक्यात दुसरी अट आहे. खर्च जास्त असेल तर विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे न्यायचा. ही सभा सोसायट्यांना 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. समजा या सोसायटीने ती 27 सप्टेंबरला ठेवली. आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी द्यायची असते आणि त्यात नोटीस देण्याचा दिवस आणि सभेचा दिवस धरत नाहीत. 13 ते 26 सप्टेंबर हे झाले 14 दिवस. म्हणजे नोटीस उशिरात उशिरा 12 तारखेला निघायला हवी आणि टाकीचा विषय त्या नोटिशीत असायला हवा.

विषय नोटिशीत घालायचा की नाही, हे रक्कम कळल्याशिवाय ठरत नाही. समितीची त्याआधीची सभा आहे 6 सप्टेंबरला. म्हणजे तिन्ही कोटेशन त्याच्या आधी हातात हवीत. समजा 25 ऑगस्ट. आणि कंत्राटदारांना टाकी बघून दर द्यायला तीन-चार आठवडे धरले, तर कामाचं पान 20 जुलैपर्यंत तयार हवं.

‘पावसाळ्यानंतर’ दिसणारं काम असं प्रत्यक्षात पंधरा दिवसांवर येऊन ठेपलं! कोटेशन सप्टेंबरच्या शेवटी आली असती आणि रक्कम 75,000 च्या वर गेली असती, तर वार्षिक सभा हातातून निघून गेली असती. मग एक तर विशेष सर्वसाधारण सभा बोलवा, नाहीतर आणखी एक पावसाळा जिन्यात बादल्या ठेवा.

म्हणून तारीख आजपासून पुढे मोजत जाण्याऐवजी, न हलणारी तारीख आधी शोधायची आणि तिथून मागे यायचं. ‘लवकरात लवकर’ आणि ‘तातडीने’ हे शब्द यादीत जसेच्या तसे उतरवू नयेत. ‘पुढील सभेपर्यंत’ असेल तर त्या सभेची तारीख लिहावी. प्रत्यक्ष दुरुस्ती सुरू होण्याची तारीख आज कोणालाच सांगता येणार नाही, पाऊस कधी थांबतो त्यावर ती आहे. अशा वेळी अंदाजपंचे 15 ऑक्टोबर ठोकण्यापेक्षा ‘सुरू करण्याची तारीख 6 सप्टेंबरच्या सभेत ठरवणे’ अशी ओळ बरी.

जिथे काम दिसत नाही तिथेही थांबा

आता विषय 4. त्यात ‘ठरले’ नाही, ‘करण्यात यावे’ नाही. सचिवांनी सांगितलं, सभेने नोंद घेतली. क्रियापदांच्या नियमाने इथे काम शून्य.

पण महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार, हा कायदा ज्या इमारतींना लागू आहे त्यांनी आपली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं लायसन्सधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. बोलीभाषेत याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. सभा झाली 5 जुलैला. ‘यंत्रणा सुस्थितीत आहे’ हे सचिवांचं तोंडी म्हणणं झालं, प्रमाणपत्र नव्हे. पंप सुरू होतो का, होजमध्ये पाणी येतं का, हे एजन्सीने येऊन बघितलं का, हे इतिवृत्तातून कळत नाही.

मग यादी करणाऱ्याने काय करायचं? ‘31 जुलैपर्यंत फॉर्म बी भरणे – सचिव’ अशी ओळ गुपचूप घुसवायची नाही. सभेने तसं ठरवलेलं नाही, आणि कदाचित प्रमाणपत्र आधीच दिलेलं असेल. तसंच, वाक्यात काम नाही म्हणून सोडूनही द्यायचं नाही. अशा गोष्टींसाठी यादीच्या खाली ‘विचारायचे प्रश्न’ असा वेगळा भाग असावा. तिथे लिहायचं : ‘जुलैचं फॉर्म बी दिलं का? नसल्यास कोण देणार? उत्तर 8 जुलैपर्यंत सचिवांकडून.’ चुकून राहिलेल्या पार्किंगच्या विषयाने फार तर भांडण होईल. ही ओळ राहिली आणि वरच्या मजल्यावर आग लागली, तर कोरडा होज हातात येईल.

बाकीचे दोन विषय पटकन. विषय 5 मधलं ‘मागील सभेत ठरल्याप्रमाणे’ म्हणजे मागचं इतिवृत्त उघडायचं. तिथेही ‘पूर्वी ठरल्याप्रमाणे’ असेल तर त्याच्या मागचं. मूळ निर्णय सापडेल तिथली तारीख ओळीत लिहायची, म्हणजे विषय किती महिने नुसता सरकतोय ते सगळ्यांना दिसतं. आणि यादी ग्रुपवर जाणार असेल तर थकबाकीदारांची नावं त्यात घालू नयेत, ‘थकबाकीदारांना नोटीस’ एवढं पुरे. विषय 6 मधून काम एकच, विषयपत्रिकेत पार्किंग घालणं. पण पुढच्या सभेत तीच चर्चा पुन्हा तशीच होऊ नये असं वाटत असेल, तर त्या दिवशी समोर कोणती माहिती हवी, हे आधी विचारून घ्यायला हवं.

तयार यादी अशी दिसते

व्हॉट्सॲपवर तक्ते मोबाइलमध्ये वाचता येत नाहीत, त्यामुळे साध्या ओळी बऱ्या. काम, मग नाव, मग तारीख आणि शेवटी इतिवृत्तातला विषय क्रमांक.

*5 जुलैच्या सभेतील कामे*
*1. टाकीच्या कामाचे स्वरूप एका पानावर लिहिणे – ब-304 – 20 जुलै (वि. 3, सोयीसाठी जोडले)*
*2. त्याच पानावर किमान तीन कोटेशन मिळवणे – ब-304 – 25 ऑगस्ट (वि. 3)*
*3. कोटेशनची तुलना समितीपुढे ठेवणे, काम सुरू करण्याची तारीख ठरवून घेणे – खजिनदार – 6 सप्टेंबर (वि. 3)*
*4. खर्च 75,000 च्या वर असल्यास विषय वार्षिक सभेच्या नोटिशीत घालणे – सचिव – 12 सप्टेंबर (वि. 3)*
*5. तक्रार केलेल्या ब विंगच्या सदस्यांना लेखी कळवणे – सचिव – 12 जुलै (वि. 3)*
*6. थकबाकीदारांना नोटीस – खजिनदार – 20 जुलै (वि. 5, मूळ निर्णय मागील सभेचा)*
*7. पार्किंगचा विषय 2 ऑगस्टच्या विषयपत्रिकेत घेणे – सचिव – 26 जुलै (वि. 6)*
*प्रश्न : जुलैचे फॉर्म बी दिले का? – सचिव – 8 जुलै (वि. 4)*

इतिवृत्त सहा पानांचं, यादी आठ ओळींची. पाठवण्याआधी एकदा उलट तपासणी करायची : इतिवृत्तातला प्रत्येक विषय क्रमांक यादीत कुठेतरी आहे का, आणि यादीतल्या प्रत्येक ओळीला इतिवृत्तात आधार आहे का. विषय क्रमांक लिहायचा तो याचसाठी. यादीला इतिवृत्ताचा दर्जा नसतो. दोन्हींत फरक निघाला तर इतिवृत्तच खरं आणि यादी दुरुस्त करायची.

ही यादी पाठवायची वेळही महत्त्वाची आहे. इतिवृत्त टाइप होऊन कायम होईपर्यंत थांबलं तर पुढची सभा येते आणि 8 किंवा 12 जुलैच्या ओळींना काहीच अर्थ उरत नाही. त्यामुळे कच्च्या नोंदींवरूनच दोन-तीन दिवसांत यादी काढून ‘मसुदा’ असं लिहून पाठवलेली बरी.

पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झालं की लगेच हीच यादी वाचायची. झालेल्या ओळी काढून टाकायच्या. राहिलेल्या ओळीला नवी तारीख द्यायची, पण जुनी खोडायची नाही. ‘25 ऑगस्ट, आता 4 सप्टेंबर’ असं दोन्ही दिसू द्यायचं. एखाद्या ओळीपुढे तीन तारखा जमल्या, तर त्या माणसाला पुन्हा आठवण करून देण्यापेक्षा सभेत सरळ विचारावं, की हे काम दुसऱ्या कोणाकडे द्यायचं का.